ओटीपी येत होता, ॲप मात्र पुढे सरकत नव्हतं

प्रतापनगरात आईच्या फोनवर बँकेचं ॲप सुरू करत होतो. ओटीपी येई, तरी ॲप ‘पडताळणी सुरू आहे’वरच अडकायचं. तीनदा झालं. मग मेसेज नीट पाहिला, तर त्याशेजारी बारीक ‘2’ दिसला. बँकेत नोंदवलेला आईचा जुना नंबर दुसऱ्या सिममध्ये होता आणि ॲपमध्ये मी पहिलं सिम निवडलं होतं. अशी ॲप्स फोनमधून स्वतः एक एसएमएस पाठवून नंबर ओळखतात, तोही चुकीच्या सिममधून जात होता.

सेटिंग्जमध्ये एसएमएससाठी सिम 2 ठेवलं, त्यात रिचार्ज आहे ना ते बघितलं, ॲप बंद करून पुन्हा उघडलं आणि सिम 2 निवडलं. इंटरनेट सिम 1 वरच राहू दिलं. लगेच झालं. आईला तेवढ्यासाठी बँकेत उन्हात जावं लागलं नाही.