दोन टायम ट्रायल मारून क्रिटिकल स्पीड काढताय? या चुका टाळा

आमच्या बेळगावात भरतीची तयारी करणारी पोरं लई, आणि प्रत्येकाकडं घड्याळ. क्रिटिकल स्पीड म्हणजे साधारण अर्धा तास धरता येतो तो जास्तीत जास्त स्पीड, आणि तो काढायला दोन वेगवेगळी अंतरं घड्याळ लावून पूर्ण जोरात पळायची, त्याच टायम ट्रायल. मागं खानापूरकडचा एक पोरगा आला, म्हणाला दादा क्रिटिकल स्पीड वाढलंय माझं, किलोमीटरला ३:४९! आकडे बघितले, ४०० मीटरच्या ट्रॅकवर तीन राउंड म्हणजे १२०० मीटर ४:१० मध्ये आणि दोन दिवसांनी नऊ राउंड, ३६०० मीटर १३:२० मध्ये.

हिशोब सोपा हाय. अंतरांतला फरक भागिले वेळेतला फरक, म्हणजे २४०० मीटर भागिले ५५० सेकंद, सेकंदाला ४.३६ मीटर. पण मग १२०० मीटरच्या २५० सेकंदात या स्पीडनं किती अंतर झालं ते वजा करा, उरले फक्त १०९ मीटर. हा तुमचा राखीव साठा, क्रिटिकल स्पीडच्या वर पळताना जो खर्च होतो तो. बऱ्याच जणांचा १०० ते ३०० च्या मधे असतो, म्हणून अगदी खालचा आकडा आला की मला पहिला संशय छोट्या ट्रायलवर येतो.

विचारलं तर म्हणाला, मोठी बाकी होती म्हणून छोटीला थोडं राखून पळालो. हीच चूक! छोटी हळू पळालात की दोन वेळांतला फरक कमी होतो आणि क्रिटिकल स्पीड उलट वाढलेलं दिसतं, मोठीला आळस केलात तर ते कमी येतं. आठवड्यानं छोटी पुन्हा मारायला लावली, ४:०० आली. आता २४०० भागिले ५६०, ४.२९ मीटर, म्हणजे किलोमीटरला ३:५३, आणि साठा १७१.

दुसरी चूक म्हणजे दोन्ही ट्रायल जवळजवळच्या. १२०० सोबत १८०० घेतली आणि त्यात सहा सेकंद गेले तर ३:५३ चं ४:०३ होतं, तेच सहा सेकंद ३६०० मध्ये गेले तर ३:५६. म्हणून एक तीन-चार मिनिटांची, दुसरी बारा-पंधराची ठेवा, आणि दोन्ही एकाच सपाट ट्रॅकवर, नायतर छोटी ट्रॅकवर आणि मोठी येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या चढाला, मग काय मोजलं ते देवालाच माहीत.

आता रेसचं. अंतरातून साठा वजा करून स्पीडनं भागा, ५ किमीला १८:४७ येतं, ते मला पटतं. १० किमीला ३८:१३ येतं, हे थोडं जास्तच आशावादी, कारण हा स्पीड साधारण अर्धा तासच धरता येतो पण सूत्राला वाटतं कायमचा धरता येतो. मॅरेथॉनला तर २:४३ दाखवतं, आणि कोण त्यावर पेस ठरवून पळला तर ३० किमीच्या आतच बसतंय. हौशी रनर क्रिटिकल स्पीडच्या ८५ टक्क्यांच्या आसपास मॅरेथॉन पळतात, त्या हिशोबानं पोराला ३:१३ च्या जवळपास धरायला सांगितलं, तेही लांब रन झाले असतील तरच.