तिमाही निकालाचा व्हिडिओ: साहेब प्रामाणिक, आलेख लबाड? या चुका टाळा

कंपनीप्रमुख कॅमेऱ्यात बघून मनापासून बोलतात आणि शेजारी उगवणारा आलेख भलतंच सांगतो, तेव्हा बघणारा आलेख लक्षात ठेवतो. हिशेबासाठी पंखे बनवणारी एक काल्पनिक कंपनी घेऊ. जून तिमाहीत विक्री 412 कोटी, गेल्या वर्षी याच तिमाहीत 398 कोटी. म्हणजे वाढ साडेतीन टक्के. नफा मात्र 31 कोटींवरून 24 कोटींवर आलेला.

ग्राफिक्सवाला उभा अक्ष 390 पासून सुरू करतो, कारण शून्यापासून काढले तर दोन्ही खांब सारखेच दिसतात. आता एक खांब 8 चा, दुसरा 22 चा. साडेतीन टक्क्यांची वाढ पडद्यावर पावणेतीन पट दिसते. खांब असतील तर अक्ष शून्यापासूनच हवा. फरक दिसत नसेल तर खांब काढून टाका आणि '3.5 टक्के वाढ' एवढंच मोठ्या अक्षरात लिहा. तुलना मार्च तिमाहीशी करायचा मोहही आवरा, पंख्यांचा धंदा उन्हाळ्यावर चालतो.

दुसरी गडबड स्क्रिप्टमध्ये होते. "प्रतिकूल परिस्थितीमुळे नफ्यावर काहीसा परिणाम झाला" हे वाक्य कितीही कळकळीने म्हटलं तरी वाचून दाखवल्यासारखंच वाटतं, कारण त्यात बोलणाऱ्याचं काहीच नाही. त्याऐवजी, "नफा सात कोटींनी घटला. तांबं महागलं आणि दर वाढवायला आम्ही उशीर केला." हे पहिल्या अर्ध्या मिनिटात यावं, आणि त्या वेळी पडद्यावर आलेख नको, फक्त चेहरा. आकडा बोलून झाला की मग आलेख आणा. दोन्ही एकदम आले की लोक वाचत बसतात, ऐकत नाहीत. मागचं करुण संगीत तर आधी बंद करा.

सगळ्यात महागात पडते ती वेळेची चूक. संचालक मंडळाने मंजूर करून शेअर बाजारांवर जाहीर होईपर्यंत हे आकडे अप्रकाशित, किंमतसंवेदी माहिती असतात. व्हिडिओ आधीच शूट केलात, तर एडिटरसह ज्यांनी आकडे पाहिले त्यांची नोंद सेबीच्या नियमांप्रमाणे कंपनीच्या डिजिटल नोंदवहीत हवी. शिवाय बैठकीत एखादा आकडा बदलला तर अख्खं बोलणं पुन्हा घ्यावं लागतं. म्हणून आकड्यांची वाक्यं वेगळ्या शॉटमध्ये, मंजुरीनंतरच घ्या. बाकीचं आदल्या दिवशी चालेल.

अपलोडची वेळ आधी लावून ठेवू नका. बैठक बाजार चालू असताना संपली तर निकाल 30 मिनिटांत, बाजार बंद झाल्यावर संपली तर 3 तासांत शेअर बाजारांना कळवायचा असतो. पण बैठकच लांबली आणि व्हिडिओ ठरल्या वेळी चार वाजता सुटला, तर निकाल बाजाराआधी यूट्यूबवर फुटतो. फाइल 'प्रायव्हेट' ठेवा ('अनलिस्टेड' नको, लिंक फिरते) आणि बीएसई-एनएसईच्या संकेतस्थळांवर निकाल दिसला की मगच कुणीतरी हाताने बटण दाबा.