अनुपालन अहवालात नुसते ‘कार्यवाही सुरू आहे’ लिहू नका

मागच्या बैठकीच्या इतिवृत्तावरचा अनुपालन अहवाल बहुतेक वेळा याच तीन शब्दांवर अडतो. त्यातून काम कुठवर आले हे कळत नाही, आणि पुढच्या बैठकीत तोच मुद्दा पुन्हा चर्चेला येतो.

समजा, ठराव होता ‘संगणक देखभालीचा वार्षिक करार ३० जूनपर्यंत करणे’. प्रलंबित असेल तर असे लिहा: ‘१० जूनला तीन पुरवठादारांकडून दरपत्रके मागवली, दोन आली. तिसरे २७ जूनला मिळाले, त्यामुळे तुलनातक्ता लेखा शाखेकडे २९ जूनला गेला. त्यांच्या अभिप्रायानंतर करार १५ जुलैपर्यंत होईल. जबाबदारी: भांडार शाखा.’ शेवटची झालेली पायरी, फाइल आत्ता कोणाकडे आहे आणि नवी तारीख, हे सगळे यात आले.

विलंबाचे कारण लिहिताना ‘तांत्रिक अडचणीमुळे’ टाळा. नेमके काय आले नाही आणि त्यासाठी स्मरणपत्र कधी पाठवले ते लिहा. दुसऱ्या शाखेमुळे उशीर झाला असेल तर मसुदा आधी त्यांना दाखवावा, म्हणजे बैठकीत वाद होत नाही.

मुद्दा क्रमांक आणि ठरावाचे शब्द इतिवृत्तातले जसेच्या तसे घ्या. मूळ मुदतही खोडू नका, सुधारित तारीख तिच्या शेजारी लिहा. तारीख दुसऱ्यांदा पुढे गेली, तर तो मुद्दा अध्यक्षांच्या निर्णयासाठी वेगळा काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘पूर्ण’ हा शेरा मात्र आदेशाचा किंवा पत्राचा जावक क्रमांक हातात असेल तरच.