क्लेमचा फोन नोटमध्ये कसा उतरवायचा: पाणीगळतीचं एक उदाहरण

क्लेम नोट ज्याच्यासाठी लिहायची, तो माणूस त्या फोनवर नसतो. उद्या तुम्ही रजेवर असाल आणि पॉलिसीधारकाचा पुन्हा फोन आला, तर तो घेणारा सहकारी; सर्व्हेअर; क्लेम मंजूर करणारा अधिकारी; आणि वाद झालाच तर तक्रार तपासणारा, ही सगळी मंडळी फक्त नोट वाचतात. त्यांना तीन गोष्टी हव्या असतात: काय घडलं असं सांगितलं गेलं, आपण काय मागितलं आणि आपण काय कबूल केलं. नवीन माणसाची नोट बहुतेक वेळा पहिल्या गोष्टीत लांबते आणि उरलेल्या दोन एका ओळीत उरकते. प्रत्यक्षात तक्रारी मात्र त्या दोनांवरूनच जास्त येतात.

समजा, मंगळवारी १८ तारखेला सकाळी ११:२० ला फोन येतो. बोलणारी पॉलिसीधारक बाईंची मुलगी आहे. ती म्हणते, "आम्ही शुक्रवारी बाहेरगावी गेलो होतो. रविवारी रात्री परत आलो तर स्वयंपाकघरात आणि हॉलमध्ये सगळीकडे पाणी. सिंकखालचा पाइप फुटलाय. तसं थोडं थोडं ठिबकत होतंच आधीपासून, पण हे असं होईल असं वाटलं नव्हतं. लाकडी फ्लोअरिंग फुगलंय, खालची कपाटं भिजलीत. पैसे कधीपर्यंत मिळतील?"

सुरुवात बोलणाऱ्यापासून. पॉलिसी आईच्या नावावर आणि फोन मुलीचा. घटनेची माहिती कोणाकडूनही घेता येते, त्यामुळे फोन परत पाठवायचं कारण नाही. पण पॉलिसीत किती रक्कम आहे, काय कव्हर होतं, ही माहिती द्यायला आईची परवानगी लागते. ती याच फोनवर आईकडून मिळाली, की नंतर लेखी मागितली, हे नोटच्या पहिल्या दोन ओळींत यायला हवं. नाहीतर पुढचा सहकारी एकतर मुलीला सगळं सांगून बसतो, नाहीतर तिला उगाच वाटेला लावतो.

आता घटना. घाईत लिहिलेल्या नोटा इथे दोन प्रकारे फसतात. एक जण लिहितो, "सिंकखालचा पाइप फुटून नुकसान." दुसरा लिहितो, "जुन्या गळतीमुळे नुकसान." पहिल्याने ठिबकण्याचा उल्लेख गाळला, दुसऱ्याने स्वतःच निदान केलं. घराच्या अनेक पॉलिसींमध्ये अचानक फुटलेल्या पाइपचं पाणी कव्हर होतं, पण दिवसेंदिवस मुरत राहिलेली गळती वगळलेली असते. म्हणजे या एका शब्दावर क्लेमचा निकाल फिरू शकतो, आणि तो शब्द कॉलरचा नसून तुमचा असेल तर ते फार वाईट. "ठिबकत होतं" हे ऐकल्याबरोबर नोट थांबवून विचारायचं: नेमकं कुठून ठिबकत होतं? कधीपासून? पाणी कशात पडत होतं? कोणाला दाखवलं होतं का?

या उदाहरणात उत्तर येतं, "वरच्या नळाच्या तोंडातून, महिनाभर असेल, सिंकमध्येच पडायचं. खालच्या कपाटात कधी ओल दिसली नाही." म्हणजे ठिबकणारा नळ वेगळा आणि फुटलेला पाइप वेगळा. हा एक प्रश्न विचारला नसता तर सर्व्हेअर जुनी गळती शोधायला गेला असता. उत्तर उलट आलं असतं, म्हणजे कपाटाच्या तळाला महिनाभर ओल होती असं कळलं असतं, तरी तेही जसंच्या तसं लिहायचं. निष्कर्ष काढणं सर्व्हेअरचं काम आहे. निर्णायक वाटणारं वाक्य कॉलरच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत ठेवावं. बाकीचं संक्षेपाने चालतं. पूर्ण संभाषण उतरवत बसलात तर महत्त्वाचं वाक्य त्याच गर्दीत हरवतं.

तारखेचाही घोळ नेहमीचा. सिस्टीम नुकसानीची एकच तारीख मागते, पण इथे पाइप नेमका कधी फुटला हे कोणालाच माहीत नाही. घर शुक्रवारी १४ तारखेला सकाळी ७ ला बंद केलं, पाणी रविवारी १६ तारखेला रात्री १० ला दिसलं. रकान्यात तुमच्या ऑफिसच्या नियमाप्रमाणे तारीख भरा, पण नोटमध्ये दोन्ही टोकं लिहा आणि ती तारीख "लक्षात आली" ती आहे हे स्पष्ट करा. पॉलिसीचं नूतनीकरण त्या दोन दिवसांतच झालेलं असेल, तर कोणत्या वर्षाची पॉलिसी लागू, हा प्रश्न याच ओळीवरून सुटतो. तसंच कॉलर "काल" किंवा "परवा" म्हणाली तर तारीख आणि वार तिच्याकडून पक्के करून घ्या. नोट महिन्याने उघडली तर "परवा"चा काहीच अर्थ लागत नाही.

कागदपत्रांकडे वळताना "फोटो व बिले मागवली" हे वाक्य विसरूनच जा. कशाचे फोटो? कोणती बिलं? पाणीगळतीच्या क्लेममध्ये सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे फुटलेला पाइप स्वतः. तो जपून ठेवायला सांगणं हे कागद मागण्याच्या आधीचं काम आहे, कारण प्लंबर नवा पाइप बसवतो आणि जुना टाकून देतो. त्यामुळे पहिला प्रश्न, "जुना पाइप कुठे आहे?" आपल्या उदाहरणात प्लंबरने तो सोबत नेला आहे. मग आजच त्याला फोन करून परत मागायला सांगायचं, आणि नोटमध्ये "पाइप मागितला" एवढंच न लिहिता "पाइप सध्या प्लंबरकडे" असंही लिहायचं.

त्यानंतर प्लंबरची लेखी चिठ्ठी: काय तुटलं, कुठे, त्याच्या मते कशामुळे, कोणत्या तारखेला दुरुस्त केलं. फोटोंमध्ये सिंकखालची जागा, दारातून दिसणारी पूर्ण खोली, आणि फुगलेल्या फ्लोअरिंगचा जवळून घेतलेला. फ्लोअरिंग आणि कपाटांच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक लागेल, पण ते सर्व्हेअर येऊन गेल्यावर दिलं तरी चालेल. हा फरक नोटमध्ये हवाच. कोणता कागद नसेल तर काम अडतं आणि कोणता नंतर चालतो, हे लिहिलं नाही तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी "कागदपत्रे अपूर्ण" असा शेरा मारून फाइल थांबवतं.

जे कॉलरकडे नाहीच, तेही लिहा. तिने सांगितलं की फ्लोअरिंगची खरेदीची बिलं सापडत नाहीत. ते नोटमध्ये नसेल तर तीच बिलं पुन्हा पुन्हा मागितली जातात, आणि समोरच्याला वाटतं की तिचं कोणी ऐकूनच घेत नाही. खरं तर तिचं बरोबरच असतं.

एक सूचना तोंडी दिली जाते आणि नेमकी नोटमध्ये राहून जाते. पाणी काढणं, खोली वाळवणं, नळजोडणी दुरुस्त करणं यासाठी थांबायला नको. उलट नुकसान वाढू नये म्हणून ते लगेच व्हायला हवं. पण भिजलेलं फ्लोअरिंग आणि कपाटं सर्व्हेअरने पाहण्याआधी फेकू नयेत, आणि काढावीच लागली तर आधी फोटो घ्यावेत. ही सूचना दिल्याची नोंद नसेल आणि तिने सगळं टाकून दिलं, तर "मला कोणी सांगितलं नाही" याला आपल्याकडे उत्तर नसतं.

शेवटचा भाग मुदतींचा. "सर्व्हेअर लवकरच संपर्क करेल" यातलं "लवकरच" कॉलरला उद्या वाटतं आणि सर्व्हेअरच्या ऑफिसला आठवडा. म्हणून प्रत्येक कबुलीत कोण, काय आणि कोणत्या तारखेपर्यंत हे तिन्ही असावं. जे तुमच्या हातात आहे त्याचीच तारीख द्या. सर्व्हेअर गुरुवारी येईल असं तुम्ही सांगू शकत नाही; गुरुवारपर्यंत भेटीची वेळ ठरवायला फोन येईल, आणि नाही आला तर शुक्रवारी तुम्ही स्वतः कराल, हे सांगू शकता.

"५ दिवसांत" असं म्हणालात तर दिवस कधीपासून मोजायचे तेही सांगा आणि लिहा. आजपासून, पहिला कागद आल्यापासून, की शेवटचा कागद आल्यापासून? कामाचे दिवस की सुट्ट्या धरून? आणि पैशांबद्दलचा तिचा प्रश्न आणि तुमचं उत्तर, दोन्ही नोटमध्ये घ्या. या उत्तरावरूनच पुढे "तुमच्या माणसाने शब्द दिला होता" असं निघतं.

हे सगळं धरून नोट अशी दिसते:

१८ तारीख, मंगळवार, ११:२०. आलेला फोन.
बोलणारी व्यक्ती: पॉलिसीधारकाची मुलगी. पॉलिसीधारक फोनवर नाहीत. पॉलिसीचा तपशील दिला नाही; आईचे लेखी संमतीपत्र मागितले.
घटना (कॉलरच्या सांगण्यानुसार): घर शुक्र. १४ सकाळी ७ पासून बंद. रवि. १६ रात्री १० ला पाणी लक्षात आले. फुटण्याची नेमकी वेळ माहीत नाही. सिंकखालचा पाइप फुटला. स्वयंपाकघर व हॉलचे लाकडी फ्लोअरिंग फुगले, खालची कपाटे भिजली. आधीच्या ठिबकण्याबद्दल विचारले: "वरच्या नळाच्या तोंडातून, महिनाभर असेल, सिंकमध्येच पडायचं. खालच्या कपाटात कधी ओल दिसली नाही." दुरुस्ती सोम. १७ ला झाली. जुना पाइप प्लंबरकडे.
मागितले, बुध. १९ पर्यंत: फोटो (सिंकखाली, पूर्ण खोली, फ्लोअरिंग जवळून), आईचे संमतीपत्र. पाइप आज परत मागवून जपून ठेवणे. शुक्र. २१ पर्यंत: प्लंबरची कारणासह चिठ्ठी. सर्व्हेनंतर चालेल: दुरुस्तीचे अंदाजपत्रक. फ्लोअरिंगची बिले नाहीत. पुन्हा मागू नयेत.
सूचना दिली: खोली वाळवावी, सर्व्हेपूर्वी सामान टाकू नये, अपरिहार्य असल्यास आधी फोटो.
कबूल केले: सर्व्हेअरच्या ऑफिसचा फोन गुरु. २० संध्या. ५ पर्यंत. न आल्यास आमच्याकडून फोन शुक्र. २१ दुपारी १२ पर्यंत.
पैसे कधी मिळतील असे विचारले: सर्व्हे अहवालाआधी तारीख किंवा कव्हरबद्दल सांगता येणार नाही, असे सांगितले.
डायरी: बुध. १९ संध्या. फोटो आले का, गुरु. २० दुपारी ४ सर्व्हेअरचा फोन झाला का, शुक्र. २१ सकाळी १० कॉलरला फोनची गरज आहे का, संध्या. चिठ्ठी आली का.

डायरीची ओळ लिहून भागत नाही. सिस्टीममध्ये स्मरणपत्रं प्रत्यक्ष लावावी लागतात, आणि ती मुदतीच्या थोडी आधी. गुरुवारी ५ ची मुदत असेल तर ४ ला बघितल्यावर अजून एक फोन करायला वेळ उरतो. ५:३० ला बघितलं तर फक्त माफी मागता येते.

फोन ठेवण्याआधी तारखा, मागितलेले कागद आणि कबुली कॉलरला मोठ्याने वाचून दाखवा. एका मिनिटाचं काम आहे आणि चुका इथेच पकडल्या जातात. "नाही, दुरुस्ती सोमवारी झाली, रविवारी नाही" असं कॉलर लगेच सांगते. नोट पुढचा फोन घेण्याआधी सेव्ह करा, कारण दोन फोन झाले की दोन्ही घरांचे पाइप एकमेकांत मिसळतात.

"कॉलर टाळाटाळ करत होती" असं लिहू नका. "पाइपबद्दल दोनदा विचारले, उत्तर मिळाले नाही" हे लिहा. पहिलं मत आहे, दुसरं तपासता येतं. आणि सेव्ह झालेल्या नोटमध्ये चूक सापडली तर जुनी ओळ बदलायची नाही. दुरुस्ती करतानाची तारीख आणि वेळ टाकून नवी नोंद करायची: "११:२० च्या नोंदीत दुरुस्ती: फ्लोअरिंगचे नुकसान फक्त हॉलमध्ये. दुपारी ३:१० ला कॉलरकडून खात्री."