आधी मीटर, मग लिटर: हॉटेल-बेकरीची यंत्रं घेताना या चुका टाळा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत नव्या हॉटेल-बेकऱ्यांच्या किचनची जोडणी करून द्यायचं काम मी करतो. मला फोन येतो तो बहुतेक वेळा यंत्रं आल्यावर. ग्राइंडर टेम्पोतून उतरलेला असतो, ओव्हन दाराशी अडलेला असतो आणि मालक विचारतो, "भाऊ, हे कुठे लावायचं?" हाच प्रश्न पैसे देण्याआधी विचारला असता तर निम्मी भानगड टळली असती. त्याच त्या चुका वर्षानुवर्षं बघतोय, म्हणून लिहितो आहे.

पहिली चूक: वीज न बघता ओव्हन घेणं

ही चूक सगळ्यात महाग पडते, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो.

चोपडा-यावल रस्त्यावरच्या एका गावात दोन भावांनी बेकरी टाकली. नानकटाई, टोस्ट, खारी आणि शेजारी सकाळची इडली. त्यांनी 6.6 किलोवॅटचा सिंगल डेक, दोन ट्रेचा इलेक्ट्रिक ओव्हन घेतला, 10 लिटरचा टिल्टिंग वेट ग्राइंडर घेतला आणि 20 लिटरचा प्लॅनेटरी मिक्सर. जागेचा जोड सिंगल फेज, मंजूर भार 3 किलोवॅट. विक्रेत्याने सांगितलं, "सिंगल फेजवर चालतो." खोटं नव्हतं. ओव्हन चालू झाला.

तीन आठवड्यांनी फोन आला. सकाळी सहाचा घाणा छान सोनेरी निघतो, संध्याकाळी सातचा पांढरा आणि मधे कच्चा. तोवर त्यांनी डालडा बदलला होता, मैदा बदलला होता, भट्टीवाला कारागीरसुद्धा बदलला होता. मी गेलो आणि पिठाला हात लावला नाही. संध्याकाळी ओव्हन आणि ग्राइंडर दोन्ही चालू ठेवून मल्टिमीटर मीटरपाशी लावला: 215 व्होल्ट. मग ओव्हनच्या टर्मिनलवर लावला: 196. मधले 19 व्होल्ट वायरने खाल्ले होते. मीटर रस्त्याकडेला, किचन मागच्या बाजूला, अंतर 40 मीटर आणि वायर घरात पॉइंटला टाकतात तीच 2.5 एमएमची. हात लावला तर पाइप चांगलाच गरम.

आता हिशोब बघा. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. 230 ला 6.6 किलोवॅट देणारा ओव्हन 196 ला जेमतेम 4.8 देतो, म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त ताकद गेली. थर्मोस्टॅटचा दिवा तासभर विझत नाही तो त्यामुळेच. ट्रे आत गेला की खाली आलेलं तापमान वर चढतच नाही, आणि नानकटाई भाजण्याऐवजी नुसती वाळते. ग्राइंडरचंही तेच: मोटरचा जोर वर्गानेच घटतो, म्हणून भरलेल्या ड्रमवर बटण दाबलं की मोटर नुसती घुमते आणि कॅपॅसिटर उडतो. त्यांचे दोन उडाले होते.

त्याहून वाईट गोष्ट बोर्डावर होती. एमसीबी 32 अँपिअरचा. ओव्हन आणि ग्राइंडर मिळून साधारण 31 अँपिअर ओढत होते, त्यामुळे तो पडायचा नाही. पण वायर तेवढ्या प्रवाहाची नव्हतीच. एमसीबी वायरपेक्षा मोठा बसवला की आधी वायर जळते. आणखी थोडे दिवस गेले असते तर नानकटाईचं दुःख राहिलं नसतं, छप्पर गेलं असतं.

उपाय साधा होता, फक्त आधी करायचा होता. भार वाढवून थ्री फेज जोड घेतला. मीटरपासून किचनपर्यंत 6 एमएमची तांब्याची केबल, न्यूट्रल धरून चार तारांची, आणि अर्थिंग वेगळी. ओव्हनच्या मागचं झाकण उघडलं तर तिन्ही हीटर एका पट्टीने एकाच फेजवर जोडलेले होते. कंपनीच्या माणसाला बोलावून पट्टी काढली आणि एकेक हीटर एकेका फेजवर घेतला. आधी एकाच तारेत जाणारा ओव्हनचा सगळा प्रवाह आता तिघींत वाटला, प्रत्येकीत साधारण साडेनऊ अँपिअर जातात. वायरमधली घट दोन-तीन व्होल्टांवर आली. संध्याकाळची नानकटाई पुन्हा सोनेरी झाली. तोच मैदा, तोच डालडा.

म्हणून माझी सवय सांगतो. दुकानात जाण्याआधी कागदावर यंत्रांची नावं लिहा, पुढे किलोवॅट लिहा. मोटर एचपीत असेल तर एक एचपीला एक किलोवॅट धरा. कागदावर 0.746 असतं, पण मोटर त्याहून जास्त ओढते. मग जी यंत्रं एकाच वेळी चालणार त्यांची बेरीज करा. ती पाच-सहाच्या वर जात असेल तर आधी थ्री फेजचा अर्ज, मग खरेदी. आणि व्होल्टेज दुपारी मोजू नका. संध्याकाळी सात ते नऊ मोजा, तेव्हाच गावाचा खरा भार असतो. तुमची जागा डीपीपासून लांब, लाइनच्या शेवटाला असेल आणि मीटरपाशीच 200 च्या खाली येत असेल, तर केबल कितीही जाड टाका, फरक पडणार नाही. तिथे मी इलेक्ट्रिक ओव्हन लावतच नाही, गॅसचा डेक ओव्हन लावतो. त्याला वीज फक्त कंट्रोल, इग्निशन आणि आतल्या दिव्यापुरती लागते.

थ्री फेज आलं म्हणजे झालं, असं समजणं

आपल्याकडे रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे शिकवावं लागत नाही. डीपीवरचा एक डीओ फ्यूज गेला की एक फेज जाते आणि विहिरीवरची मोटर दोन फेजवर घुमत घुमत जळते. म्हणून तो स्टार्टरला एक फेज गेली की मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर लावतो. तोच शेतकरी मुलाला हॉटेल टाकून देतो तेव्हा थ्री फेजचा पीठ मळायचा मिक्सर साध्या स्विचवर जोडतो. दीड-दोन हजार वाचवायला लाखाचं यंत्र उघड्यावर ठेवायचं, हे मला आजवर कळलेलं नाही. थ्री फेज मोटर असेल तर सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि ओव्हरलोड रिले असलेला स्टार्टर हवाच. कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर चालवायचा शेतातला जुगाड तर किचनमध्ये अजिबात करू नका.

लाइनमनने काम करून गेल्यावर मिक्सर उलटा फिरायला लागला तर घाबरू नका. दोन फेजची अदलाबदल झालेली असते. वायरमनकडून कोणत्याही दोन तारा बदलून घ्या. पण तोवर त्यात पीठ टाकू नका.

लिटर बघून ग्राइंडर घेणं

"मोठाच घेऊ, पुढे धंदा वाढेल." हे वाक्य मी महिन्यातून दोनदा ऐकतो. 10 लिटर म्हणजे काठोकाठ भरलेला ड्रम, दळायचं धान्य नव्हे. 10 लिटरच्या ग्राइंडरला मी एका घाण्यात तीन-साडेतीन किलो कोरडा तांदूळ धरतो आणि उडीद फक्त दीड किलो, कारण उडीद वाटताना फुगतो आणि चढतो.

सकाळी 300 इडल्या करायच्या आहेत असं धरा. एक किलो धान्याच्या मध्यम आकाराच्या साधारण 45 इडल्या होतात, म्हणजे लागलं पावणेसात किलो. चारास एक प्रमाण धरलं तर तांदूळ साडेपाचच्या आसपास, उडीद सव्वा किलोहून थोडा जास्त. उडदाचा एक घाणा, तांदळाचे दोन. धुण्या-काढण्यासकट दोन तासांत काम संपतं. त्यासाठी 20 लिटरचा ग्राइंडर कशाला? मोठ्या ड्रममध्ये किलोभर उडीद टाकला की तो भिंतीला चिकटून बसतो आणि दगडावर दगड घासत राहतो. 300 च्या 600 इडल्या झाल्या तर दुसरा 10 लिटरचा घ्या. एक बिघडला तरी दुसरा चालतो.

आणि एक आपल्या भागातली गोष्ट. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 ला टेकतो, टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. त्या पाण्यात चाळीस मिनिटं उडीद वाटला की पीठ ड्रममध्येच कोमट होतं आणि पहाटेपर्यंत आंबून खाली बसतं. लोक दोष ग्राइंडरला देतात. फ्रीजचं पाणी वापरा आणि वाटण रात्री करा.

शेवभाजीचं वाटण इडलीच्या दगडावर करू नका. भाजलेला कांदा, खोबरं आणि लसणाचा वास दगडात मुरतो, धुऊन जात नाही.

घरगुती मिक्सर हॉटेलात लावणं

नेमप्लेट वाचा. तिच्यावर 30 मिनिटांचं रेटिंग असतं आणि तेही मधे मधे थांबवून. बुडाचं लाल बटण रोज दाबावं लागत असेल तर यंत्र चुकीचं आहे.

प्लॅनेटरीत घट्ट कणीक मळणं

क्रीम आणि केकचं बॅटर त्याचं काम. चपातीची कणीक वरच्या गिअरवर टाकली की गिअरचे दात जातात. गिअर बदलताना यंत्र पूर्ण थांबवा.

दुरुस्तीला कोण येणार, हे न विचारणं

वेट ग्राइंडर बरेचसे कोइमतूरकडून येतात, माल चांगला असतो. पण शिरपूरला बिघडला तर तिकडून कोणी लगेच येणार नाही. आपलं नशीब असं की विहिरींच्या मोटरींमुळे आपल्याकडे तालुक्याच्या गावात वाइंडिंगवाला मिळतोच, आणि व्ही-बेल्ट, बेअरिंग शेतीच्या मशिनरीच्या दुकानात मिळतात. म्हणून मी बेल्टवर चालणारा, साध्या मोटरचा ग्राइंडर पसंत करतो. ओव्हनलाही साधा थर्मोस्टॅट आणि कॉन्टॅक्टर. धुळ्यातल्या माझ्या एका गिऱ्हाइकाने टचपॅनेलचा ओव्हन घेतला. आखाजीच्या आठवड्यात त्याचं कार्ड गेलं, नवीन यायला सोळा दिवस लागले, आणि गावातल्या कोणालाही त्या कार्डाला हात लावता आला नाही. ऑर्डरी परत गेल्या.

पैसे देण्याआधी सर्व्हिसच्या नंबरवर स्वतः फोन करा. "माझ्या गावात माणूस कोण येतो, कुठून येतो, किती दिवसांत?" एवढंच विचारा. मग बेल्टचा आणि बेअरिंगचा नंबर विचारा. जो विक्रेता नंबर सांगत नाही त्याच्याकडून मी यंत्र घेत नाही. यंत्र आल्यावर नेमप्लेटचा फोटो काढा आणि हे दोन्ही नंबर ऑइलपेंटने मोटरच्या झाकणाच्या आतून लिहून ठेवा. बिलं हरवतात, झाकण हरवत नाही.

शेवटची गोष्ट एकदाच सांगतो. ग्राइंडरखालची फरशी कायम ओली असते. अर्थिंग तपासून घ्या आणि बोर्डावर गळती होताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा; पडला नाही तर त्याच दिवशी बदला.