१६ आठवड्यांचा मॅरेथॉन प्लॅन उलटा मोजा

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे १६ आठवडे धरले तर सप्टेंबरच्या शेवटी सुरुवात. पण प्लॅन रेसपासून मागे मोजत या, शेवटचे २ आठवडे टेपर म्हणजे पळणं कमी करत न्यायचं, त्याआधी ३ पीक, त्याआधी ५ बिल्ड आणि उरलेले पहिले ६ बेस.

बेसमध्ये ऑक्टोबर हीट असते त्यामुळे पेस बघूच नका, पूर्ण वाक्य बोलता येईल इतकंच पळायचं, लाँग रन १६ वरून हळूहळू २२-२४ किमीपर्यंत न्यायचा आणि दर चौथ्या आठवड्याला किमी थोडे कमी करायचे. बिल्डमध्ये आठवड्यातून एक टेम्पो म्हणजे दमवणाऱ्या पण टिकवता येईल अशा वेगाचा रन आणि एक चढाचा रन, कारण पेडर रोडचा चढ परतताना पाय संपल्यावर येतो. (दिवाळीचा फराळ बेसमध्ये किंवा बिल्डच्या सुरुवातीला आडवा येतो, तो आठवडा हलका ठेवा झालं.)

खरी गडबड पीकमध्ये होते. ३०-३२ चा सगळ्यात मोठा रन रेसच्या बरोब्बर ३ आठवडे आधी करायचा, शेवटचे ८-१० किमी रेस पेसने. मधे आजारी पडून तो हुकला तर पुढच्या रविवारी ढकलू नका, सोडून द्या, कारण तो थकवा रेसपर्यंत पूर्ण उतरेलच असं नाही. सकाळी उठल्यावरचा पल्स दोन-तीन दिवस नेहमीपेक्षा ७-८ ने जास्त दिसला, झोपही नीट लागत नसेल, तर टेम्पो रद्द.

टेपरमध्ये किमी आधी पीकच्या ६० टक्क्यांवर मग ४० वर, पण रेस पेसचे छोटे तुकडे ठेवायचे, नुसतं बसलात तर पाय जड होतात.