मेमरी कार्ड १२८ जीबीचं की नुसतं नावाचं? बनावट कार्ड घरीच कसं ओळखावं

मी ज्या मेमरी कार्डाची नेहमी शिफारस करतो, त्याच्या नकला सध्या फिरताहेत. तेच रंग, तोच लोगो, तसंच प्लास्टिकचं पाकीट. दोघांनी माझ्याकडे तक्रार केली की "तुम्ही सांगितलेल्या कार्डाने सहलीचे फोटो खाल्ले." कार्डं मागवून तपासली. दोन्ही बनावट निघाली. त्यातल्या एकाची गोष्ट पुढे सांगतो, कारण त्यात सगळं आलं.

आधी ही फसवणूक चालते कशी ते समजून घ्या. मेमरी कार्डाच्या पोटात दोन गोष्टी असतात: माहिती साठवणारी फ्लॅश मेमरी आणि तिचा कारभार पाहणारी कंट्रोलर नावाची छोटी चिप. कार्डाची क्षमता किती, हे कॅमेरा किंवा संगणक स्वतः मोजत नाही, कंट्रोलर सांगेल त्यावर विश्वास ठेवतो. बनावट कार्डात मेमरी ३२ जीबीचीच असते, पण कंट्रोलरला १२८ सांगायला शिकवलेलं असतं. म्हणून कार्डाची प्रॉपर्टीज उघडून क्षमता पाहिली, किंवा ते फॉरमॅट करून पाहिलं, तरी काहीही सिद्ध होत नाही. दोन्ही वेळा तुम्ही त्या खोटारड्यालाच विचारत असता.

पहिले ३२ जीबी भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. एक फोटो २५ एमबीचा धरला तर साधारण बाराशे फोटो नीट साठतात. त्यानंतर काही कार्डं नवी माहिती गुपचूप टाकून देतात, तर काही पुन्हा सुरुवातीपासून लिहू लागतात आणि जुने चांगले फोटोही पुसतात. फायलींची यादी मात्र कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असते. त्यामुळे नाव दिसतं, आकार दिसतो, आणि फोटो उघडला की अर्धा राखाडी किंवा काहीच नाही. लोक याला "कार्ड करप्ट झालं" म्हणतात आणि तेच पुन्हा फॉरमॅट करून वापरतात.

पाकीट फोडण्याआधी

छपाईवरून अस्सल-नक्कल ओळखण्याच्या फंदात मी फार पडत नाही. नकला आता चांगल्या छापतात आणि अस्सल कंपन्याही डिझाइन बदलत असतात. पण परस्परविरोधी खुणा जरूर पाहा. एसडीएचसी हा प्रकार ३२ जीबीपर्यंतचाच असतो, त्यावरची कार्डं २ टीबीपर्यंत एसडीएक्ससी असतात. १२८ जीबीच्या कार्डावर एसडीएचसी लिहिलं असेल, किंवा ४ टीबीच्या कार्डावर एसडीएक्ससी, तर पुढचं काही तपासायचीच गरज नाही. एकाच वेळी घेतलेल्या दोन कार्डांवर एकच अनुक्रमांक असणं हीसुद्धा वाईट खूण. पाकिटावरचा क्यूआर कोड मात्र पुरावा मानू नका. तो नक्कल करणाऱ्याच्याच संकेतस्थळावर नेऊ शकतो. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करा.

पाकीट फोडताना व्हिडिओ घ्या. पैसे परत मागताना कामी येतो.

खरी परीक्षा: कार्ड काठोकाठ भरणं

कार्डावर जितकी जागा छापली आहे तितकी माहिती लिहायची आणि जशीच्या तशी परत वाचता येते का ते पाहायचं. शंभर फोटो कॉपी करून उघडून पाहणं पुरेसं नाही, कारण तेवढे तर बनावट कार्डातही मावतात.

कार्ड रिकामं असू द्या. विंडोजवर H2testw हा मोफत प्रोग्राम चालवा, त्यात कार्ड निवडा, "all available space" ठेवा आणि "Write + Verify" दाबा. लिनक्स किंवा मॅकवर F3 हे साधन आहे. लिनक्सच्या उबुंटूसारख्या प्रकारांत ते असं बसवतात आणि चालवतात (मार्ग तुमच्या कार्डाचा द्या):

```
sudo apt install f3
f3write /media/user/CARD
f3read /media/user/CARD
```

पहिली चाचणी आज्ञा एकेक जीबीच्या फायलींनी कार्ड भरते, दुसरी त्या वाचून ताडून पाहते. दोहोंच्या मध्ये कार्ड रीतसर बाहेर काढून पुन्हा लावा. नाहीतर नुकतंच लिहिलेलं काही कार्डाऐवजी संगणकाच्या स्मृतीतूनच वाचलं जाण्याची शक्यता राहते.

वेळ लागतो, आणि तो द्यावाच लागतो. रीडर सेकंदाला २० एमबी लिहीत असेल तर १२८ जीबी भरायला पावणेदोन तास, आणि सेकंदाला ८० एमबीने वाचायला आणखी अर्धा तास. मी रात्री लावून झोपतो.

त्या तक्रारवाल्या कार्डाचा निकाल असा आला:

```
Data OK: 29.50 GB (61865984 sectors)
Data LOST: 89.50 GB (187695104 sectors)
```

म्हणजे लिहिलेल्या ११९ पैकी साडेएकोणतीस जीबीच शाबूत, बाकी गायब. हे ३२ जीबीचं कार्ड होतं. आता १२८ चे ११९ कसे, असं विचाराल. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक १०२४ च्या, म्हणून अस्सल १२८ जीबीचं कार्डही ११९ च्या आसपासच दिसतं. ही तूट फसवणूक नाही. अस्सल कार्डात "Data LOST" समोर शून्य येतं. H2testw तेव्हा "Test finished without errors" म्हणतो.

वेगावरून घाईने निकाल देऊ नका

कार्डावर सेकंदाला १७० एमबी छापलंय आणि तुम्हाला ९० मिळतात, म्हणून ते बनावट ठरत नाही. यूएचएस-१ या सामान्य जोडणीची कमाल मर्यादाच १०४ एमबी आहे. त्यावरचा वेग कंपनीच्या खास रीडरमध्येच मिळतो. उलट व्ही३० लिहिलेलं कार्ड चांगल्या रीडरमध्ये सतत १० एमबीच्या खाली लिहीत असेल, तर क्षमता खरी असली तरी मला शंका येईल. व्ही३० म्हणजे किमान ३० एमबीची हमी.

इथेच या परीक्षेची मर्यादाही आहे. ती क्षमता सिद्ध करते, ब्रँड नाही. जागा पूर्ण आहे पण आत हलकी मेमरी भरली आहे, अशी नक्कल या परीक्षेतून सुटते. तशी शंका असेल तर कार्डाच्या दोन्ही बाजूंचे आणि पाकिटाचे स्पष्ट फोटो काढून कंपनीच्या ग्राहक सेवेला पाठवा आणि अनुक्रमांक त्यांचाच आहे का ते विचारा.

बनावट निघालं तर

चाचणीच्या निकालाचा स्क्रीनशॉट, पाकिटाचा व्हिडिओ आणि बिल एकत्र करून लगेच विक्रेत्याकडे मागणी करा. परत करण्याची मुदत संपण्याआधी हे व्हायला हवं, म्हणून चाचणी कार्ड हाती आल्याच्या दिवशीच करा, पहिल्या कामाच्या आदल्या रात्री नव्हे. चांगल्या नावाच्या ऑनलाइन दुकानातून घेतलं तरी चाचणी चुकवू नका. काही मोठ्या गोदामांत वेगवेगळ्या विक्रेत्यांचा माल एकत्र ठेवला जातो आणि तुमच्या पाकिटात कोणाचं कार्ड आलं ते सांगता येत नाही.

त्याच F3 मध्ये f3fix नावाचं एक साधन आहे, त्याने बनावट कार्ड खऱ्या ३२ जीबीवर बांधून वापरता येतं. मी गाडीत गाणी ऐकायला तसं एक ठेवलंय. फोटोंसाठी नाही, कारण क्षमतेबद्दल खोटं बोलणाऱ्याने आत कुठल्या दर्जाची मेमरी बसवली असेल, याचा भरवसा मला वाटत नाही.